शेवटचं प्रकरण ‘हा तर सारांश झाला’ या शेऱ्यासह परत येतंय? नेमकं काय दुरुस्त करायचं

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत येतं आणि समासात लिहिलेलं असतं, ‘हा सारांश आहे, निष्कर्ष कुठे आहेत?’ विद्यार्थी चार वाक्यं बदलतो, ‘योगदान’ नावाचं उपशीर्षक टाकतो, दोन पानं वाढवतो. पुढच्या वेळी तोच शेरा परत येतो, कारण दुरुस्ती भाषेत झालेली असते आणि दोष रचनेत तसाच असतो. प्रबंधांची शेवटची प्रकरणं वाचणं हे माझं नेहमीचं काम आहे. त्यातल्या बहुतेक प्रकरणांचा दोष एकच असतो: निष्कर्ष एकामागून एक मांडलेले असतात, एकमेकांसमोर उभे केलेले नसतात. हे एक दुरुस्त झालं की योगदान आणि पुढील संशोधन हे दोन विभागही बरेचसे मार्गी लागतात, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

तुमच्या प्रकरणात हाच दोष आहे का?

पहिली तपासणी परिच्छेदांच्या क्रमाची. निष्कर्षांच्या परिच्छेदांचा क्रम मनातल्या मनात उलटा करून पाहा. तिसरा परिच्छेद पहिला केला तरी काहीच बिघडत नसेल, तर ते परिच्छेद एकमेकांवर टेकलेले नाहीत. मांडणीत युक्तिवाद असेल तर क्रम बदलताच तो कोसळायला हवा.

दुसरी तपासणी वाक्यांच्या सुरुवातीची. ‘प्रकरण तीनमध्ये असे आढळले’, ‘प्रकरण चारमध्ये मुलाखतींचे विश्लेषण केले’ अशा वाक्यांखाली रेघ ओढा. परिच्छेदाचं पहिलंच वाक्य असं असेल, तर तो परिच्छेद बहुधा त्या प्रकरणाच्या शेवटी लिहिलेल्या ‘प्रकरणाचा सारांश’ या भागातून उचललेला असतो. कारण साधं आहे. शेवटचं प्रकरण लिहिताना आधीच्या प्रकरणांच्या फाइली समोर उघड्या असतात आणि हात आपोआप त्यांच्याच क्रमाने चालतो.

तिसरी तपासणी पुढील संशोधनाच्या विभागाची. त्यातलं प्रत्येक वाक्य शेजारच्या खोलीत बसणाऱ्या संशोधकाच्या प्रबंधात चिकटवता येतं का ते पाहा. ‘मोठा नमुना घेऊन अभ्यास करावा’, ‘इतर प्रदेशांत असाच अभ्यास व्हावा’ ही वाक्यं कुठेही चालतात. म्हणजेच ती तुमच्या निष्कर्षांतून आलेली नाहीत.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ

एक काल्पनिक प्रबंध घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत. विषय असा: उच्च रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या चुकवतात, मोबाइलवर आठवण करून दिली तर हे प्रमाण कमी होतं का? तीन अभ्यास आहेत.

पहिला अभ्यास सर्वेक्षणाचा. २४० रुग्णांपैकी १५० जणांनी मागच्या महिन्यात किमान एक गोळी चुकवली होती. कारण विचारल्यावर त्यातल्या ९३ जणांनी, म्हणजे ६२ टक्क्यांनी, ‘विसरलो’ असं सांगितलं.

दुसरा अभ्यास प्रयोगाचा. ९६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला १२ आठवडे रोज मोबाइलवर सूचना गेली, दुसऱ्याला गेली नाही. दर चार आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. पहिल्या चार आठवड्यांत सूचना मिळणाऱ्यांनी ८८ टक्के गोळ्या घेतल्या, दुसऱ्या गटाने ७४ टक्के. शेवटच्या चार आठवड्यांत हेच आकडे ७७ आणि ७५ झाले. फरक जवळपास मिटला.

तिसरा अभ्यास मुलाखतींचा. सूचना मिळणाऱ्या गटातल्या, पूर्ण १२ आठवडे टिकलेल्या २२ जणांशी बोलणं झालं. त्यातल्या १३ जणांनी सांगितलं की बरं वाटत असेल त्या दिवशी गोळी मुद्दाम घेत नाही. यातले काही जण पुढे म्हणाले की डॉक्टरांना मात्र ‘विसरलो’ असंच सांगतो.

या प्रबंधाचा परत आलेला मसुदा साधारण असा असतो:

> प्रकरण तीनमधील सर्वेक्षणातून विस्मरण हे गोळ्या चुकण्याचे प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. प्रकरण चारमध्ये मोबाइल सूचनांमुळे सुरुवातीला सकारात्मक परिणाम झाल्याचे आढळले, परंतु तो कालांतराने कमी झाला. प्रकरण पाचमधील मुलाखतींतून रुग्णांचे विविध अनुभव समोर आले. एकंदरीत, औषधपालन ही बहुआयामी प्रक्रिया असल्याचे या अभ्यासातून स्पष्ट होते.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण तीन अभ्यास हातात असूनही शेवटी जे म्हटलंय, ते अभ्यासाआधीसुद्धा म्हणता आलं असतं. ‘बहुआयामी’ हा शब्द अशा जागी आला की मी थांबतो. निष्कर्ष एकमेकांशी काय बोलतात हे पाहायचं राहून गेलं, की ती पोकळी झाकायला हा शब्द येतो.

दुरुस्ती: जोड्या लावा आणि एकच प्रश्न विचारा

आधीच्या प्रकरणांच्या फाइली बंद करा. एका कोऱ्या पानावर प्रत्येक निष्कर्ष एका वाक्यात लिहा, आकड्यासह, पण प्रकरणाचा क्रमांक न घालता. एखादा निष्कर्ष एका वाक्यात बसत नसेल तर बहुधा ते दोन निष्कर्ष असतात. त्यांना वेगळं करा.

मग दोन-दोन निष्कर्षांच्या जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीला हा प्रश्न विचारा: पहिला निष्कर्ष खरा असेल, तर दुसऱ्यात काय दिसायला हवं होतं, आणि तसं दिसलं का?

तीन निष्कर्षांच्या तीनच जोड्या होतात. सात असतील तर एकवीस होतात आणि त्यातल्या बऱ्याच जोड्यांना काहीच उत्तर मिळत नाही. त्या सोडून द्या. ज्या दोन-तीन जोड्यांत ‘तसं दिसलं नाही’ असं उत्तर येतं, तिथे तुमचं प्रकरण आहे. विद्यार्थी नेमक्या याच जोड्या टाळतात, कारण विसंगती म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं. मोजमापाची चूक आधी तपासायची हे खरं. पण ती नसेल, तर विसंगती ही प्रबंधातली सगळ्यात मोलाची गोष्ट असू शकते.

आपल्या उदाहरणात सर्वेक्षण आणि प्रयोग यांची जोडी घेऊ. चुकवणाऱ्यांपैकी ६२ टक्के जण खरोखर विसरत असतील, तर आठवण करून देण्याचा फायदा बाराव्या आठवड्यातही टिकायला हवा होता, कारण विसरणारा माणूस तिसऱ्या महिन्यातही विसरतोच. पण फायदा टिकला नाही.

आता सर्वेक्षण आणि मुलाखती. ‘विसरलो’ हे उत्तर खरं असेल, तर मुलाखतीतही लोकांनी विस्मरणाबद्दल बोलायला हवं होतं. त्यांच्यातले निम्म्याहून जास्त मुद्दाम चुकवण्याबद्दल बोलले. त्यातल्या काहींनी तर ‘विसरलो’ हे सांगायला सोपं उत्तर आहे हेही मान्य केलं. म्हणजे सर्वेक्षणाच्या प्रश्नाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच चौकटीत टाकल्या असाव्यात. औषधं न घेण्याच्या अभ्यासात हेतुपुरस्सर आणि नकळत असा फरक फार पूर्वीपासून केला जातो, त्यामुळे तो फरक दाखवणं नवं नाही. नवं हे की ‘विसरलो’ या एका उत्तराखाली दोन्ही लपू शकतात, आणि त्या उत्तरावर विसंबून आखलेला उपाय का ओसरतो हे तीन अभ्यास मिळून सांगू शकतात. एकट्या प्रकरणाला हे सांगता आलं नसतं. संश्लेषण झालं की नाही हे ओळखायची माझ्या मते हीच खूण आहे: असं किमान एक वाक्य हवं जे कुठल्याही एका प्रकरणाच्या आधारावर लिहिता येत नाही.

राहिली प्रयोग आणि मुलाखतींची जोडी. इथे मात्र सांधा पूर्ण बसत नाही, आणि हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. मुद्दाम चुकवणारे पहिल्या दिवसापासून चुकवत असतील, तर सुरुवातीला इतका मोठा फायदा का दिसला? कदाचित सुरुवातीला कुणीतरी लक्ष ठेवतंय या भावनेने तेही गोळी घेत असतील आणि महिन्याभरात ती भावना विरली असेल. पण दुसरंही स्पष्टीकरण शक्य आहे. रोज तोच आवाज ऐकून सवय झाली, सूचनेकडे लक्षच जाईना, आणि विसरणारे पुन्हा विसरू लागले. पहिल्या स्पष्टीकरणाकडे मुलाखती झुकतात, पण दुसरं त्या खोडून काढू शकत नाहीत. ही उघडी राहिलेली जागा लपवू नका. पुढील संशोधनाचा विभाग इथूनच निघणार आहे.

सुधारलेला परिच्छेद असा होईल:

> रुग्ण गोळ्या चुकण्याचे कारण म्हणून विस्मरण सांगतात (६२ टक्के), परंतु विस्मरणावर उपाय म्हणून दिलेल्या सूचनांचा परिणाम बाराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. हे दोन निष्कर्ष एकत्र ठेवले असता ‘विसरलो’ या उत्तराचा सरळ अर्थ घेता येत नाही. मुलाखतींतील २२ पैकी १३ रुग्णांनी बरे वाटत असताना गोळी जाणीवपूर्वक टाळल्याचे सांगितले; त्यांपैकी काहींनी ही बाब डॉक्टरांसमोर विस्मरण म्हणून मांडल्याचेही नमूद केले. त्यामुळे स्वयंकथित विस्मरणाचा काही भाग प्रत्यक्षात हेतुपुरस्सर निर्णय असावा, असे सूचित होते. सूचनांची सवय होणे हे परिणाम ओसरण्याचे पर्यायी स्पष्टीकरण असून ते या अभ्यासातून नाकारता येत नाही.

यात प्रकरणांचे क्रमांक नाहीत. हवे असतील तर कंसात द्या, वाक्याचा कर्ता म्हणून नको. ‘सिद्ध होते’ ऐवजी ‘सूचित होते’ म्हटलंय तेही मुद्दाम. सर्वेक्षणातले २४० आणि मुलाखतीतले २२ ही वेगळी माणसं आहेत, त्यामुळे एका गटाच्या उत्तराचा अर्थ दुसऱ्या गटाच्या बोलण्यावरून लावताना क्रियापद इतकंच जड असावं.

एक इशारा. जोड्या लावताना कधी कधी नवं विश्लेषण करावंसं वाटतं, उदाहरणार्थ वयानुसार आकडे पुन्हा पाडून बघावेत. ते जरूर करा, पण त्याची जागा निकालांच्या किंवा चर्चेच्या प्रकरणात आहे. शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदाच एखादा तक्ता आला, की परीक्षकांचं सगळं लक्ष त्याच्या पद्धतीकडे वळतं.

योगदान: आधी काय मानलं जायचं, आता काय म्हणता येतं

योगदानाच्या विभागात दोन टोकं दिसतात. एकीकडे ‘या अभ्यासाने ज्ञानात मोलाची भर घातली’, दुसरीकडे ‘असा अभ्यास प्रथमच होत आहे’. पहिलं वाक्य काहीच सांगत नाही. दुसरं तोंडी परीक्षेत अडचणीत आणतं, कारण एखाद्या परीक्षकाला एक जुना अभ्यास आठवला की संपलं. शिवाय आधी कुणी केलं नाही म्हणजे करण्याजोगं होतं, असंही नाही.

तीन भागांचं वाक्य लिहा: या विषयात आधी काय गृहीत होतं, तुमच्या कोणत्या पुराव्याने ते हललं, आणि त्यामुळे कुणाला काय वेगळं करावं लागेल. आपल्या उदाहरणात: सूचनांवर आधारित उपाय हे स्वयंकथित विस्मरण म्हणजे खरं विस्मरण असं गृहीत धरतात, या प्रबंधातले तीन अभ्यास मिळून ते गृहीतक डळमळीत करतात, त्यामुळे सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत ‘लक्षात राहिलं नाही’ आणि ‘लक्षात असूनही घेतली नाही’ हे दोन प्रश्न वेगळे विचारायला हवेत. शेवटचा भाग पद्धतीविषयीचं योगदान आहे आणि तो छोटा असला तरी ठोस आहे. सैद्धांतिक, पद्धतशास्त्रीय, व्यावहारिक असे तीन रकाने करून प्रत्येकात काहीतरी भरलंच पाहिजे अशी सक्ती करून घेऊ नका. दोन खरी योगदानं असलेलं अर्धं पान भरपूर होतं.

हे लिहून झाल्यावर प्रस्तावनेतलं ‘संशोधनाची गरज’ हे पान काढा आणि शेजारी ठेवा. वर्षानुवर्षांच्या कामात प्रश्न सरकलेला असतो, पण प्रस्तावना पहिल्या वर्षाचीच राहते. प्रस्तावना म्हणते ‘सूचनांची परिणामकारकता तपासणे’ आणि योगदान सांगतं की ‘विसरलो’ या उत्तराचा अर्थच वेगळा आहे. अनेक परीक्षक ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचतात, त्यामुळे ही फट त्यांना लगेच दिसते. ती बुजवायला योगदान कापायचं नसतं. प्रस्तावनेत स्वयंकथित कारणांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उभा करायचा, आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात त्याला एखादा परिच्छेद द्यायचा. मूळ उद्दिष्टं मंजूर आराखड्यातली असतील तर ती तशीच ठेवा आणि अभ्यास पुढे सरकताना हा प्रश्न कसा निर्माण झाला ते लिहा.

काय म्हणता येत नाही, तेही इथेच लिहा. ‘मोबाइल सूचना निरुपयोगी आहेत’ असं या प्रबंधावरून म्हणता येणार नाही. अवधी १२ आठवड्यांचा, आजार एकच, आणि मुलाखती फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या.

पुढील संशोधन: मर्यादेतून नाही, उघड्या राहिलेल्या सांध्यातून

नेहमीची सवय अशी की मर्यादांची यादी घ्यायची आणि प्रत्येकीला उलटं करायचं. नमुना लहान होता, म्हणून मोठा घ्यावा. असं केलं की विभाग भरतो, पण त्यातून पुढच्या संशोधकाला सोमवारी सकाळी काय सुरू करायचं ते कळत नाही. सगळ्या मर्यादा सारख्या महत्त्वाच्याही नसतात. ज्या मर्यादेमुळे तुमच्या मुख्य विधानाचं दुसरं स्पष्टीकरण जिवंत राहिलं, तिच्यावरच प्रस्ताव लिहा.

प्रस्तावात चार गोष्टी हव्यात: प्रश्न, लागणारी माहिती, ती मिळवायची पद्धत, आणि कोणता निकाल आला तर कोणतं स्पष्टीकरण पडेल. चौथी गोष्ट जवळजवळ नेहमीच राहून जाते, आणि प्रस्तावाला नेमकेपणा तिच्यामुळेच येतो.

आपल्या उदाहरणात दोन स्पष्टीकरणं उरली होती, सवय आणि हेतुपुरस्सर टाळणं. गोळ्या मोजून त्यांच्यात फरक करता येत नाही, कारण चार आठवड्यांनी उरलेली गोळी ती का उरली हे सांगत नाही. पण दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर फरक दिसेल: रुग्णाने सूचना किती वेळाने पाहिली किंवा बंद केली याची अ‍ॅपमधली नोंद, आणि बाटली कधी उघडली याची वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक झाकण. अशी झाकणं औषधपालनाच्या संशोधनात वापरली जातातच. मग प्रस्ताव असा लिहिता येतो:

> सूचनांचा परिणाम ओसरण्यामागे सवय आहे की हेतुपुरस्सर टाळणे, हे तपासण्यासाठी अ‍ॅपमधील प्रतिसादाची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक झाकणाची नोंद २४ आठवडे एकत्र गोळा करावी. सूचना न पाहिल्या जाण्याचे वा उशिरा पाहिल्या जाण्याचे प्रमाण वाढत जाऊन बाटली उघडली न गेल्यास सवयीच्या स्पष्टीकरणाला बळ मिळेल. सूचना वेळेवर पाहिली जाऊनही बाटली उघडली न गेल्यास या प्रबंधातील स्पष्टीकरणाला बळ मिळेल. बाटली उघडणे म्हणजे गोळी घेणे नव्हे, ही या मोजमापाची मर्यादा राहील.

दुसरा प्रस्ताव मुलाखतींच्या मर्यादेतून येतो, कारण तीही मुख्य विधानाला भिडते. प्रयोग अर्धवट सोडून गेलेल्यांशी कुणी बोललंच नाही. मुद्दाम टाळणारे आधीच निघून गेले असतील तर १३ हा आकडा कमी असेल. सूचनांना कंटाळून विसरणारे निघून गेले असतील तर तो फुगलेला असेल. म्हणून सोडून गेलेल्यांच्या मुलाखती, त्याच प्रश्नांसह. तिसरा प्रस्ताव वेगळ्या केलेल्या दोन प्रश्नांची पडताळणी करण्याचा: रुग्णांनी दिलेली उत्तरं वरच्या नोंदींशी जुळतात का. इथे थांबलेलं बरं. तीन नेमके प्रस्ताव वाचले जातात, दहा वाचले जात नाहीत.

हे कुठे चालत नाही

स्वतंत्र लेख एकत्र बांधून केलेल्या प्रबंधात कधी कधी निष्कर्षांच्या जोड्या खरोखरच लागत नाहीत. लेख वेगवेगळ्या प्रश्नांवर असतात. अशा वेळी ओढूनताणून एक सूत्र काढू नका. सगळ्या लेखांत समान असलेली एखादी संकल्पना किंवा पद्धत घ्या आणि ती प्रत्येक ठिकाणी कशी वागली, कुठे तिने दगा दिला, यावर प्रकरण बांधा. साहित्य किंवा इतिहासातल्या प्रबंधात आकडे नसतात, पण जोडीचा प्रश्न तोच राहतो: एका प्रकरणातलं वाचन बरोबर असेल तर दुसऱ्या प्रकरणातल्या साधनांत काय सापडायला हवं होतं?

कामाचा क्रम एवढा ठेवा: आधी जोड्यांचं पान, मग संश्लेषणाचे परिच्छेद, मग योगदान, मग प्रस्तावनेशी जुळवणी, आणि पुढील संशोधन सगळ्यात शेवटी. जोड्यांचं ते एक पान मसुद्याआधी मार्गदर्शकांना दाखवता आलं तर दाखवा. वीस पानी मसुद्यापेक्षा त्यावर त्यांची प्रतिक्रिया लवकर मिळते, आणि एखादी जोडी तुम्ही चुकीची वाचली असेल तर ती तिथेच सापडते.